अँड्रॉइडवरून आयफोनवर जाताना: व्हॉट्सअ‍ॅप आधी, बाकी सगळं नंतर

गेल्या वर्षभरात माझ्याकडे नवा आयफोन घेऊन जितकी माणसं आली, त्यातल्या बहुतेकांची तक्रार एकच होती. "गुगल ड्राइव्हवर बॅकअप घेतला होता, पण आयफोनवर रिस्टोअर करायचा पर्यायच येत नाही." पर्याय येत नाही, कारण तो तिथे नाहीच. अँड्रॉइडवरचं व्हॉट्सअ‍ॅप बॅकअप गुगलच्या खात्यात ठेवतं, आणि आयफोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप फक्त आयक्लाउडमध्ये शोधतं. दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. चॅट एका फोनवरून दुसऱ्यावर नेण्याचा अधिकृत रस्ता अ‍ॅपलच्या `Move to iOS` या अ‍ॅपमधून जातो, आणि त्याचं दार आयफोन पहिल्यांदा सुरू करतानाच उघडतं. दुकानात उत्साहाने फोन चालू केला, खातं टाकलं, व्हॉट्सअ‍ॅप लावलं, की ते दार बंद.

आमच्या मावसभावाचं, म्हणजे दादाचं, असंच झालं. सांगलीच्या मार्केट यार्डात त्याचं हळदीचं अडत दुकान आहे. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्यांचे फोटो, सौद्याचे भाव, कुणाचं किती येणं हे सगळं त्याच्या व्हॉट्सअ‍ॅपमध्ये. शनिवारी फोन घेतला, विकणाऱ्याने तिथेच सगळं 'सेट' करून दिलं, आणि सोमवारी तो माझ्यासमोर बसला होता: नव्या फोनवर तीन दिवसांचे चॅट, त्याआधीचं काहीच नाही. त्याचं काम शेवटी नीट झालं. ते ज्या क्रमाने केलं, तोच क्रम खाली देतोय.

## टप्पा १: आयफोन आधीच चालू करून बसला असाल तर

फोन अजून खोक्यात असेल, तर हा टप्पा सोडून पुढे जा.

आयफोन चालू करून वापरायला लागला असाल, तर तो पुसून पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागेल. हे ऐकून माणसं घाबरतात, पण दोन-चार दिवसांच्या वापरात तिथे फारसं काही साठलेलं नसतं. खरी काळजी घ्यायची ती जुन्या फोनची.

पहिली गोष्ट, जुन्या अँड्रॉइडवरून व्हॉट्सअ‍ॅप काढून टाकू नका. नव्या फोनवर नंबर टाकल्यावर जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप लॉगआउट होतं, पण चॅट तिथेच असतात. आपला नंबर आणि ओटीपी टाकून पुन्हा आत गेलात, की सगळं जसंच्या तसं दिसतं. दादाने अ‍ॅप काढलं नव्हतं, म्हणून त्याचं काम सोपं झालं. तुम्ही काढलं असेल, तर ड्राइव्हवरचा बॅकअप इथे उपयोगी पडतो: जुन्या अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा घाला, तिथेच बॅकअप रिस्टोअर करा, आणि मग पुढच्या टप्प्याला लागा. ड्राइव्हचा बॅकअप अँड्रॉइडवर परतण्यासाठी आहे, आयफोनवर जाण्यासाठी नाही, एवढं लक्षात ठेवलं तर अर्धा घोटाळा मिटतो.

दुसरी गोष्ट, आयफोनवर मधल्या दिवसांत आलेले चॅट जुन्या चॅटमध्ये मिसळता येत नाहीत. जे महत्त्वाचे असतील ते आयफोनवरच उघडा, वर नावावर टॅप करा, खाली `Export Chat` आहे, ते वापरून स्वतःला ईमेल करा. दादाच्या तीन दिवसांत पाच व्यापाऱ्यांचे चॅट कामाचे होते, तेवढेच काढले. आयफोनवर काढलेले फोटोही आधी बाहेर काढून ठेवा.

त्यानंतर `Settings` → `General` → `Transfer or Reset iPhone` → `Erase All Content and Settings`.

सावधान: पुसण्याआधी अ‍ॅपल खात्याचा पासवर्ड तुम्हाला माहीत आहे ना, ते बघा. दुकानदाराने स्वतःच खातं काढून दिलं असेल आणि पासवर्ड त्याच्याच डोक्यात असेल, तर आधी तो मिळवा. नाहीतर पुसलेला फोन पुन्हा चालू होताना अडून बसेल.

## टप्पा २: जुन्या फोनची साफसफाई

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. हस्तांतर मध्येच अडकण्याचं कारण बहुतेक वेळा जुन्या फोनमधली जागा असते, आणि तिकडे कुणाचं लक्ष जात नाही. व्हॉट्सअ‍ॅप सगळे चॅट आणि मीडिया बाहेर नेण्यासाठी आधी तयार करतं, आणि त्या तयारीला जुन्या फोनवरच मोकळी जागा लागते. फोन गच्च भरलेला असला, की ती तयारी अर्ध्यात थांबते.

दादाच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप ४१ जीबी होतं आणि मोकळी जागा जेमतेम ६ जीबी. व्हॉट्सअ‍ॅपमधलं `Settings` → `Storage and data` → `Manage storage` उघडलं. वरच दोन गठ्ठे दिसतात: ५ एमबीपेक्षा मोठ्या फाइल्स, आणि अनेकदा फॉरवर्ड झालेल्या. दुसऱ्या गठ्ठ्यात सुप्रभातचे व्हिडिओ, देवाच्या आरत्या, निवडणुकीची भाषणं. ते डोळे झाकून काढता येतं. पहिला गठ्ठा मात्र एकेक बघून काढा, कारण पट्टीचे पीडीएफ आणि शेतावरचे व्हिडिओही त्यातच असतात. तासाभरात १७ जीबी गेले, व्हॉट्सअ‍ॅप २४ जीबीवर आलं आणि मोकळी जागा २३ जीबी झाली. एवढ्यावर काम होईल असं मला वाटलं, आणि झालं.

मग नव्या फोनचा हिशेब. व्हॉट्सअ‍ॅप २४, गॅलरी २६, म्हणजे ५० जीबी. आयफोन १२८ जीबीचा. त्यातून प्रणालीची आणि अ‍ॅपची जागा वजा केली तरी आरामात मावतं. तुमचा आकडा काठावर येत असेल, तर साफसफाई अजून करा. जुन्या फोनमध्ये मेमरी कार्ड असेल, तर त्यातला ऐवजही या हिशेबात धरा.

साफसफाई झाल्यावर तीन कामं:

१. प्ले स्टोअरवरून व्हॉट्सअ‍ॅप अपडेट करा आणि `Move to iOS` घाला. जुना फोन किमान अँड्रॉइड ५ चा हवा. आयफोनवर iOS १५.५ किंवा त्यापुढचं लागतं, नव्या फोनवर ते असतंच.

२. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Settings` → `Chats` → `Chat backup` मधून ड्राइव्हवर ताजा बॅकअप घ्या. काही बिघडलं तर अँड्रॉइडवर परतायला.

३. जुना फोन कॉम्प्युटरला लावा आणि हे फोल्डर जसंच्या तसं उतरवून घ्या:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp/Media
```

यात फोटो, व्हॉइस नोट, कागदपत्रं सगळं असतं. आयफोनवर हे परत घालता येत नाही, पण वस्तू हरवत नाही. पैशाचे किंवा कोर्टकचेरीचे दोन-चार चॅट असतील, तर ते अँड्रॉइडवरून `Export chat` करून मेलवर ठेवा. मीडियासह शेवटचे १०,००० संदेश निघतात, मीडियाशिवाय ४०,०००. ती फाइल नुसती वाचायला असते, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये परत जात नाही. तरी वादाच्या वेळी तीच हाताशी लागते.

तपासा: कॉम्प्युटरवर उतरवलेल्या फोल्डरमधल्या पाच-सहा फाइल्स उघडून बघा. कॉपी झाली असं वाटणं आणि खरंच झालेली असणं यात फरक असतो.

## टप्पा ३: फोटो कुठे आहेत ते ओळखा

`Move to iOS` फोनमध्ये प्रत्यक्ष असलेले फोटो नेतं. गुगल फोटोजमध्ये तुम्ही कधी `Free up space` दाबलं असेल, तर जुने फोटो फोनमध्ये नसून फक्त गुगलच्या खात्यात आहेत. ते हस्तांतरात येणार नाहीत. आयफोनवर गुगल फोटोज घालून तेच खातं टाका, ते तिथे दिसतील. कुणी "माझे २०१९ चे फोटो गेले" असं म्हणत आलं, की मी पहिल्यांदा हेच विचारतो.

उलटी गफलतही होते. गुगल फोटोज कॅमेऱ्याचे फोटो आपोआप वर चढवतं, पण स्क्रीनशॉट किंवा व्हॉट्सअ‍ॅपसारखी फोल्डर तुम्ही स्वतः निवडल्याशिवाय नाही. आणि गुगलची मोफत १५ जीबी जागा जीमेल, ड्राइव्ह, फोटोज या तिघांत मिळून असते. ती भरली की बॅकअप गुपचूप थांबतो. गुगल फोटोज उघडा, उजवीकडे वर आपल्या चित्रावर टॅप करा, बॅकअप पूर्ण झालाय की अडलाय ते तिथे लिहिलेलं असतं.

## टप्पा ४: अ‍ॅपमधला डेटा

इथे अपेक्षा कमी ठेवा. `Move to iOS` तुमच्या काही मोफत अ‍ॅपच्या आयफोनवरच्या आवृत्त्या सुचवतं, पण अ‍ॅपच्या आतला डेटा आणत नाही. ज्या अ‍ॅपला स्वतःचं खातं आहे, तिथे लॉगइन केलं की झालं. पण जे अ‍ॅप खात्याशिवाय सगळं फोनमध्येच ठेवतं, जसं एखादी हिशेबाची वही किंवा नोंदवही, त्याचा डेटा त्याच अ‍ॅपमधून एक्सपोर्ट करून घ्यावा लागतो. प्ले स्टोअरवर पैसे देऊन घेतलेलं अ‍ॅप आयफोनसाठी पुन्हा विकत घ्यावं लागतं.

एका अ‍ॅपला मात्र विसरू नका: गुगल ऑथेंटिकेटर. ट्रेडिंग खातं असो की दुसरं काही, ज्याचे सहा आकडी कोड त्यात येतात, ते जुना फोन पुसण्याआधी `Transfer accounts` मधून क्यूआर कोडने न्यायचे. जुना फोन पुसून मग ही आठवण आली, तर प्रत्येक खात्यासाठी वेगवेगळी धावपळ होते.

## टप्पा ५: प्रत्यक्ष हस्तांतर

हे काम रात्री करा. दादाचं आम्ही रात्री साडेनऊला सुरू केलं आणि साधारण अडीच तास लागले.

रात्र निवडण्याचं कारण फोन कॉल. हस्तांतर चालू असताना जुन्या फोनवर कॉल आला, किंवा कुणी दुसरं अ‍ॅप उघडलं, तर हस्तांतर मोडतं. दादाच्या फोनला रात्रीसुद्धा शांतता नसते. म्हणून त्याचं सिम काढून घरातल्या बटणाच्या फोनमध्ये घातलं. कॉल तिकडे, ओटीपीही तिकडे. नॅनो सिमला बटणाच्या फोनसाठी अडॅप्टर लागू शकतो, तो आधी शोधून ठेवा.

१. दोन्ही फोन चार्जरला लावा. घरच्या वाय-फायला दोन्ही जोडा. जुन्या फोनवर व्हीपीएन आणि 'वाय-फाय कमकुवत असेल तर मोबाइल डेटावर जा' अशी सेटिंग बंद करा.

२. आयफोन चालू करा. भाषा, प्रदेश झाल्यावर दुसरा आयफोन जवळ आणायला सांगणारी स्क्रीन येते. तिथे `Set Up Without Another Device` निवडून पुढे चला. `Transfer Your Apps & Data` या स्क्रीनवर `From Android`. जुन्या iOS मध्ये याच जागी `Move Data from Android` असं लिहिलेलं असतं.

३. अँड्रॉइडवर `Move to iOS` उघडा, मागेल त्या परवानग्या द्या. आयफोनवर आलेला कोड इथे टाका. आता आयफोन स्वतःचं तात्पुरतं वाय-फाय तयार करतो आणि जुना फोन त्याला जोडला जातो. या वेळी अँड्रॉइड "इंटरनेट नाही" असं सांगतो आणि नेटवर्क बदलू का विचारतो. नाही म्हणा. घाईत हो म्हटलं, की जोडणी तुटते.

४. काय न्यायचं त्याची यादी येईल. आधी `WhatsApp` वर टॅप करा. तो व्हॉट्सअ‍ॅपमध्ये नेतो, तिथे `Start` दाबलं की तयारी सुरू होते. तयारी संपली की जुन्या फोनवरचं व्हॉट्सअ‍ॅप लॉगआउट होतं. हे अपेक्षितच आहे, घाबरू नका. `Next` दाबून यादीवर परत या.

५. यादीत व्हॉट्सअ‍ॅपसमोर खूण आहे ना, ते बघा. मग संपर्क, संदेश, फोटो यांनाही खूण करा आणि `Continue`.

६. हात लावू नका. जुन्या फोनची स्क्रीन `Move to iOS` वरच राहू द्या. अँड्रॉइड "पूर्ण झालं" असं आधी म्हणतो, पण आयफोनवरची पट्टी भरत असते. आयफोन पूर्ण म्हणेपर्यंत काम पूर्ण नाही. बारा वाजत आले असताना दादा म्हणाला, "झालं की, जुन्यावर आलंय." मी त्याचा हात धरला. आयफोनवर अजून अकरा मिनिटं बाकी दाखवत होता.

मध्येच तुटलं, तर दोन्ही फोन बंद-चालू करा, आयफोन पुन्हा पुसा, जुन्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ओटीपी टाकून आत जा आणि दुसऱ्या मुद्द्यापासून सुरू करा. चॅट जुन्या फोनवर असतातच. मात्र पाठोपाठ ओटीपी मागत राहिलात, तर व्हॉट्सअ‍ॅप काही तास थांबायला लावतं. म्हणून दोनदा फसलं, की तिसरा प्रयत्न सकाळीच.

## टप्पा ६: आयफोनवर व्हॉट्सअ‍ॅप उघडणं

आयफोनचं बाकीचं सेटअप पूर्ण करा, अ‍ॅप स्टोअरवरून व्हॉट्सअ‍ॅप घ्या आणि तोच नंबर टाका. ओटीपी बटणाच्या फोनवर येईल. नंबर बदलायचा असेल, तर आधी जुन्या नंबरने चॅट आणा, नंतर व्हॉट्सअ‍ॅपमधूनच नंबर बदला. उलट क्रमाने केलं तर आणलेला डेटा उचललाच जात नाही.

नंबर पडताळला की चॅट आणू का, असं तो विचारतो. `Start` दाबा. ही स्क्रीन आलीच नाही, तर पुढे जाऊ नका. पाचव्या टप्प्यात व्हॉट्सअ‍ॅपला खूण करायची राहून गेली असण्याची शक्यता जास्त.

चॅट, ग्रुप, फोटो, व्हॉइस नोट, सेटिंग येतात. कॉलची यादी येत नाही, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून केलेल्या पैशांच्या व्यवहाराचे संदेशही येत नाहीत. आलेला मीडिया चॅटच्या आत असतो, आयफोनच्या `Photos` मध्ये दिसला नाही म्हणून तो गेला असं समजू नका.

तपासा: वरवरचे चॅट बघून समाधान मानू नका. सगळ्यात जुन्या चॅटमध्ये जाऊन वर पहिल्या संदेशापर्यंत सरका. एक जुनी व्हॉइस नोट वाजवा, एक जुना पीडीएफ उघडा. दादाने २०२१ मधल्या मिरज तालुक्यातल्या एका शेतकऱ्याची व्हॉइस नोट लावली, "मालक, गाडी निघाली" एवढंच होतं त्यात. ती वाजली, तेव्हा मी सुटकेचा श्वास सोडला.

## टप्पा ७: दुसऱ्या दिवशी, सिम आणि पैसे

आता सिम आयफोनमध्ये घाला. यूपीआय आणि बँकेची अ‍ॅप एकेक करून लावा. ती सिमवरून एसएमएस पाठवून फोन ओळखतात. अँड्रॉइडवर हा एसएमएस आपोआप जातो. आयफोनवर संदेशाची खिडकी उघडते आणि पाठवा बटण तुम्हालाच दाबावं लागतं. अनेक जण ती खिडकी मागे घालवतात आणि मग "पडताळणी फसली" म्हणून बँकेत जातात. सिमवर एसएमएस जाईल एवढा बॅलन्स असू द्या. खातं आणि बँक तीच असेल, तर यूपीआय पिन सहसा जुनाच चालतो.

फोन बदलल्यावर पहिले काही दिवस यूपीआयची मर्यादा कमी असते. बाजाराच्या आदल्या दिवशी फोन बदलू नका. दादाला मी सौद्याची गर्दी उलटू दे म्हटलं होतं, त्याने ऐकलं नाही, आणि दोन दिवस हमालांचे पैसे भावाच्या फोनवरून दिले.

मग आयफोनवरचा बॅकअप. हस्तांतर झालेले चॅट अजून कुठल्याच क्लाउडवर नाहीत, फक्त या फोनमध्ये आहेत. व्हॉट्सअ‍ॅपमध्ये `Settings` → `Chats` → `Chat Backup`. आयक्लाउडची मोफत जागा ५ जीबी, दादाचं व्हॉट्सअ‍ॅप २४. व्हिडिओ वगळूनही ते मावलं नाही, म्हणून त्याने आयक्लाउडची जागा वाढवून घेतली. तुमच्या चॅटमध्ये मुख्यतः मजकूर असेल, तर `Include Videos` बंद करून ५ जीबीत काम होऊ शकतं.

## टप्पा ८: जुना फोन कधी पुसायचा

महिनाभर तो कपाटात तसाच ठेवा. त्यावरचं व्हॉट्सअ‍ॅप पुन्हा चालू करू नका, कारण तिकडे नंबर टाकला की आयफोनवरचं लॉगआउट होईल. या महिन्यात एखादं विसरलेलं अ‍ॅप, एखादा ऑथेंटिकेटरचा कोड आठवतोच.

विकायचा किंवा मुलाला द्यायचा झाला, की पुसण्याआधी सेटिंगमधून गुगल खातं काढा, मग फॅक्टरी रीसेट. खातं न काढता परस्पर रीसेट केलात, तर पुढचा माणूस फोन चालू करताना तुमचा पासवर्ड मागितला जाऊ शकतो, आणि त्याचा फोन तुम्हालाच येईल. दादाचा जुना फोन आता त्याच्या दिवाणजीकडे आहे, वजनकाट्याच्या पावत्यांचे फोटो काढायला.